चोरीस, फेणी आणि '१८ टक्के'

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

मी ५३ वर्षांची आहे, पर्वरीला राहते. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक मेसेज आला की रोज ५० ग्रॅम सॉसेज खाल्लं तर कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ते सिगारेटच्याच गटात टाकलंय. म्हणजे शंभरातल्या अठरा जणांना होतो, असंच ना? आमच्याकडे शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून चोरिसांची पाव किलोची माळ येते आणि रविवारी चोरीस-पाव होतो. आम्ही तिघं असलो तरी निम्मी माळ एकटे हेच संपवतात. गेल्या रविवारी मी माळ सरळ कचऱ्यात टाकली. तेव्हापासून घरात अबोला आहे. तशी ह्यांना वाईट सवय नाही. शनिवार-रविवार मिळून फेणीची एक क्वार्टर, आणि जेवणानंतर घरच्या कुळागरातली सुपारी, तीही तंबाखूशिवाय. मी दारूला शिवत नाही. माझं वजन मात्र ७४ किलो आहे, उंची १५५ सेंटिमीटर. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. मध्यंतरी एकदा डाग दिसला होता, उष्णतेचा असेल म्हणून लक्ष दिलं नाही. मी घाबरून चूक केली का, तेवढं सांगा.

— एक वाचक, पर्वरी

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटून दुसरं लिहिलं आहे, तेही जाता जाता. पाळी पूर्ण थांबून वर्ष उलटल्यावर एकदाही डाग दिसला, मग तो लाल असो, तपकिरी असो की नुसता गुलाबीसर, तर तो उष्णतेचा धरायचा नसतो. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. त्या बहुधा आतून सोनोग्राफी करतील आणि गर्भपिशवीच्या अस्तराची जाडी मोजतील. जाडी ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर चिंता बरीचशी मिटते. जास्त असेल, किंवा पुन्हा डाग दिसला, तर अस्तराचा छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवतील.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झालेल्या शंभर जणी तपासल्या तर साधारण नऊ जणींना अस्तराचा कॅन्सर निघतो. उरलेल्या एक्क्याण्णव जणींना सुकलेलं अस्तर, पॉलिप असं काहीतरी साधं असतं. पण उलट बाजूने पाहा: ज्यांना हा कॅन्सर होतो त्यांतल्या दहापैकी नऊ जणींना आधी रक्त दिसलेलं असतं. म्हणजे हा कॅन्सर बहुतेक वेळा स्वतःहून दार वाजवतो, आणि त्याच वेळी दार उघडलं तर सहसा पूर्ण बरा होतो. हा ९ चा आकडा लक्षात ठेवा. पुढे चोरीस, वजन, फेणी, सुपारी यांमुळे वाढणाऱ्या माणसांचे जे हिशेब येतील, त्यांतला तुमच्या घराला लागू होणारा एकही याच्या जवळपास जाणारा नाही.

वेळ घेतलीत असं धरून आता चोरिसाकडे वळते.

'१८ टक्क्यांनी वाढतो' म्हणजे शंभरातल्या अठरा जणांना होतो, असं नाही. असं वाटणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. शिकलेसवरलेले लोक, माझ्या ओळखीचे दोन डॉक्टरसुद्धा, हाच अर्थ लावताना मी ऐकले आहेत. आकड्याची मांडणीच तशी आहे. दुकानदाराने 'भाव १८ टक्क्यांनी वाढला' म्हटलं की आपण लगेच विचारतो, आधी किती होता? दहा रुपयांची कोथिंबीर १८ टक्क्यांनी महागली तर पावणेदोन रुपये जातात, सोनं तेवढंच महागलं तर लग्न पुढे ढकलावं लागतं. कॅन्सरच्या बातमीत मात्र 'आधी किती' हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. १८ टक्के ही सापेक्ष जोखीम आहे, इंग्रजी बातम्यांत तिला रिलेटिव्ह रिस्क म्हणतात. हे दोन गर्दींचं गुणोत्तर आहे: खाणाऱ्यांत किती जणांना झाला, न खाणाऱ्यांत किती जणांना झाला. मूळचा आकडा त्यात नसतोच.

तो मूळचा आकडा देशागणिक बदलतो. ही आकडेवारी मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरची आहे, तेव्हा तेवढंच पाहू. ब्रिटनमध्ये आयुष्यभरात साधारण १७ पुरुषांपैकी एकाला हा कॅन्सर होतो. म्हणजे १००० पैकी ६० धरा. तिथल्या हजार जणांनी रोज ५० ग्रॅम सॉसेज खाल्लं तर ६० चे ७१ होतील. आपल्याकडे हा कॅन्सर अजून तरी कमी आहे. वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत १००० पैकी दहाच्या आतच. शहरी माणसं आहात म्हणून हात जरा सैल सोडून पूर्ण १० धरते. रोज ५० ग्रॅमने १० चे ११.८, म्हणजे बाराच्या आसपास होतील. तोच १८ टक्के तिथे अकरा माणसं वाढवतो, इथे दोन.

आता मात्रा. मेसेजमध्ये 'रोज' हा शब्द होता, तो सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. रोज ५० ग्रॅम म्हणजे आठवड्याला ३५० ग्रॅम. तुमच्याकडे माळ पाव किलोची आणि त्यातली निम्मी यजमानांच्या पानात, तर फार तर सव्वाशे ग्रॅम. तेल-चरबी सुटून प्रत्यक्षात पोटात शंभर-एकशेपाच जातात असं धरू. म्हणजे त्या मात्रेच्या तीन दशांश. अभ्यासांत जोखीम मात्रेबरोबर साधारण सरळ रेषेत चढते असं मानलं जातं, म्हणून १८ चे तीन दशांश, ५.४ टक्के. हजारांत १० चे साडेदहा. दोन हजार माणसं तुमच्या यजमानांसारखी वर्षानुवर्षं दर रविवारी चोरीस-पाव खात राहिली तर त्यांच्यात एक जास्तीचा रुग्ण.

आणि ते साडेदहा जण डोळ्यांसमोर आणा. त्यांतले दहा चोरीस न खाताही आजारी पडणारच होते. वरचा अर्धा कोण, हे कोणालाही, पॅथॉलॉजिस्टलासुद्धा, सांगता येत नाही. गाठीवर 'चोरिसामुळे' असा शिक्का नसतो. सापेक्ष जोखीम गर्दीबद्दल बोलते. तुमच्या यजमानांच्या बाबतीत शेवटी उत्तर होय किंवा नाही एवढंच असणार आहे, आणि ते या आकड्यातून निघत नाही.

मग सिगारेटच्या गटाचं काय? ही यादी फ्रान्समधल्या लियाँ शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था करते, ती जागतिक आरोग्य संघटनेचाच भाग आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये दहा देशांतल्या २२ तज्ज्ञांनी आठशेहून अधिक अभ्यास चाळून प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात टाकलं. त्या गटात तंबाखू, अॅस्बेस्टॉस, दारू सगळे आहेत. पण हा गट पुराव्याचा आहे, धोक्याच्या आकाराचा नाही. कोर्टात सायकलचोरी सिद्ध होते आणि दरोडाही सिद्ध होतो. दोघेही 'दोषी', पण म्हणून दोघांना सारखी शिक्षा होत नाही. त्याच वेळी संघटनेने जे अंदाज दिले होते ते पाहा: जगभरात वर्षाला प्रक्रिया केलेलं मांस जास्त खाण्यामुळे साधारण ३४ हजार कॅन्सर-मृत्यू, दारूमुळे ६ लाख, तंबाखूमुळे १० लाख. एकाच गटातले तिघे. (चोरिसाने चोरी केली आहे, हे नाकारत नाही.)

आपला गावठी चोरीस त्या व्याख्येत बसतो का, हे पुढे कोणी विचारेलच. बसतो. मीठ लावून, मुरवून, वाळवून किंवा धुरावर ठेवून टिकवलेलं कोणतंही मांस त्यात येतं, मग ते डुकराचं असो, गाईचं असो की कोंबडीचं. चोरिसाला मीठ, व्हिनेगर, मिरची, उन्हाची तिरीप आणि चुलीचा धूर, सगळंच लागतं. अशा मांसातले नायट्राइट आणि तांबड्या मांसातलं लोह यांच्यापासून आतड्यात नायट्रोसो जातीची रसायनं बनतात, ती पेशींच्या आनुवंशिक द्रव्याला इजा करतात, असा त्यामागचा तर्क आहे. पण हे अभ्यास मुख्यतः युरोप-अमेरिकेतले, हॅम, बेकन आणि फ्रँकफर्टर रोज खाणाऱ्यांचे आहेत. म्हापशाच्या माळेचा असा अभ्यास झालेला नाही. १८ हा आकडाही खिळा ठोकल्यासारखा नाही. संशोधकांनीच त्याची मर्यादा १० ते २८ टक्के अशी दिली होती. शिवाय रोज सॉसेज खाणारी माणसं बऱ्याचदा सिगारेटही जास्त ओढतात आणि भाजी कमी खातात. हिशेबात ते वजा करायचा प्रयत्न होतो, पण पूर्ण वजा झालं की नाही याची खात्री कोणी देत नाही.

एका प्रसंगात मी वेगळं बोलले असते. यजमानांच्या वडिलांना, आईला किंवा सख्ख्या भावाबहिणीला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर मूळची जोखीमच साधारण दुप्पट होते. १० ऐवजी २० पासून मोजायला सुरुवात. मग तेच ५.४ टक्के अर्ध्याऐवजी एक अख्खं माणूस वाढवतात. चोरीस तोच, रविवारही तोच, बदलला तो पायथ्याचा आकडा. अशा घरात मी चोरिसाआधी कोलोनोस्कोपीबद्दल विचारेन, कारण तिथे पॉलिप दिसला की काढूनच टाकता येतो.

आता तुमच्या वजनाबद्दल. मेसेजमध्ये त्याचा उल्लेख नव्हता, पण तुम्ही आपणहून लिहिलंत, म्हणून बोलते.

७४ किलोला उंचीच्या (१.५५ मीटर) वर्गाने भागलं तर ३०.८ येतो. हाच बीएमआय. आपल्या अंगकाठीसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, पाश्चात्त्यांच्या हिशेबात तो ३० पासून सुरू होतो. तुम्ही दोन्ही मापांनी पलीकडे आहात. २०१६ मध्ये त्याच लियाँच्या संस्थेने जास्त चरबीचा १३ प्रकारच्या कॅन्सरशी संबंध पुरेशा पुराव्याने सिद्ध झाल्याचं जाहीर केलं. तेराही मोजत बसत नाही, तुमच्या वयाच्या बाईसाठी दोन पुरेत.

पाळी गेल्यावर अंडाशयांमधून येणारं इस्ट्रोजेन जवळजवळ थांबतं, पण चरबीच्या पेशी ते थोडं थोडं बनवत राहतात. चरबी जास्त तर इस्ट्रोजेन जास्त, आणि ते अडवणारं प्रोजेस्टेरॉन आता नसतं. अस्तराला 'वाढ, वाढ' एवढाच निरोप मिळत राहतो. म्हणून लठ्ठपणाचा सगळ्यात घट्ट संबंध गर्भपिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरशी आहे. तुमच्या बीएमआयला जोखीम साधारण अडीच पट. टक्क्यांत सांगायचं तर '१५० टक्क्यांनी वाढ'. हा मेसेज ग्रुपवर आला असता तर बिल्डिंग हादरली असती. पण पुन्हा तोच प्रश्न: आधी किती? आपल्याकडे हा कॅन्सर विरळ आहे, हजारांत तीन-चार बायकांना. चार धरले तर अडीच पटीने दहा. हजारांत सहा जणी वाढल्या, आणि ९९० जणींना काही झालं नाही.

दुसरा स्तनाचा. तिथे वाढ दिसायला क्षुल्लक आहे. पाळी गेलेल्या बाईचा बीएमआय दर पाच अंकांनी चढला की साधारण १० टक्के. तुमच्या वजनाला १५-१८ टक्के होतात, चोरिसाच्या मेसेजइतकेच. पण हा कॅन्सर आपल्याकडच्या बायकांत पहिल्या क्रमांकावर आहे. पाळी गेल्यानंतरच्या वर्षांपुरतं हजारांत २० धरले, हा माझा ढोबळ अंदाज, तर तीन-साडेतीन जणी वाढतात. १५० टक्क्यांनी सहा, १७ टक्क्यांनी साडेतीन. नुसते टक्के वाचले असते तर पहिला धोका दुसऱ्याच्या नऊपट वाटला असता. माणसं मोजल्यावर तो दुपटीहूनही कमी निघाला. आणि रविवारच्या चोरिसाचे हजारी अर्धं माणूस आठवा.

म्हणजे घरात आकड्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट तुमचं वजन होती, आणि कचऱ्यात मात्र गेली ती माळ. असो, वजन कचऱ्यात टाकता येत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण ते पन्नास किलोवर आणायची गरजही नाही. अमेरिकेत पाळी गेलेल्या पस्तीस हजारांहून अधिक बायकांवर ठेवलेल्या नजरेत, ज्यांचं वजन ५ टक्के किंवा जास्त घटलं त्यांच्यात अस्तराचा कॅन्सर साधारण २९ टक्क्यांनी कमी दिसला. तुमच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे ३.७ किलो. आपल्या हिशेबात १० चे सात. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, वजन कमी करणाऱ्या बायका इतर बाबतींतही काळजी घेणाऱ्या असू शकतात, तेव्हा सातच्या जागी आठ समजा. आठ असले तरी चोरीस आयुष्यभर सोडून जे मिळतं त्याच्या चौपट.

मात्र डाग दिसल्यावर यातलं काही तुमच्यापुरतं लागू नाही. हजारांत दहा हा हिशेब लक्षण नसलेल्या बाईचा. लक्षण दिसलं की ती बाई वेगळ्या रांगेत जाते, आणि त्या रांगेतला आकडा मी वर दिला: शंभरात नऊ. वजन घटवून मग दाखवते असं करू नका.

आता यजमानांची क्वार्टर.

फेणीची बाटली उचलून पाहा, त्यावर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. १८० मिलिलिटरचे ४२.८ टक्के म्हणजे ७७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. अल्कोहोल पाण्याहून हलकं असल्याने वजनात साधारण ६१ ग्रॅम. सात दिवसांत वाटलं तर रोज पावणेनऊ ग्रॅम. अभ्यासांच्या भाषेत हे 'हलकं पिणं' झालं. काजूची असो की माडाची, सर्दीवर घेतलेली असो की लग्नात, शरीर तिचं एकच करतं: अॅसिटाल्डिहाइड. ते पेशींना इजा करतं. त्यातलं काही तोंडातले जंतूच तिथल्या तिथे बनवतात, म्हणून तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्यावर पहिला मार. २०२३ च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेने 'दारूची सुरक्षित पातळी नाही' असं म्हटलं, त्याचा अर्थ पहिल्या थेंबाने कॅन्सर होतो असा नाही. ज्याखाली जोखीम शून्य आहे अशी रेषा सापडलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या बाबतीत अमेरिकेच्या सर्जन जनरलने जानेवारी २०२५ मध्ये आकडे दिले ते मला आवडले, कारण त्यात टक्केवाढ नाही, माणसं आहेत. आठवड्याला एकाहून कमी ड्रिंक घेणाऱ्या शंभर पुरुषांपैकी दहा जणांना आयुष्यात दारूशी संबंधित असलेला एखादा कॅन्सर होतो. रोज एक घेणाऱ्यांत अकरा जणांना, रोज दोन घेणाऱ्यांत तेरा जणांना. बायकांत हेच आकडे १७, १९ आणि २२, मुख्यतः स्तनाच्या कॅन्सरमुळे. त्यांचं एक ड्रिंक १४ ग्रॅमचं, म्हणजे यजमान आठवड्याला सव्वाचार ड्रिंकवर आहेत. दहा आणि अकराच्या मध्ये कुठेतरी. म्हणजे हजारांत पाचेक माणसं, चोरिसाच्या दसपट. पण हे अमेरिकी माणसाचं गणित, आणि तिथे पुरुषांना तोंडाचा कॅन्सर तुलनेने कमी होतो. भारतीय पुरुषांत तो पहिल्या क्रमांकावर आहे. त्याचं कारण फेणी नाही.

तुम्ही 'वाईट सवय नाही' म्हणून जिच्यावरून पुढे गेलात ती सुपारी, तीही त्याच पहिल्या गटात आहे. नुसती, तंबाखूशिवाय. लियाँच्या तज्ज्ञांनी २००३ मध्येच तसा निर्णय दिला. कुळागर घरचं असलं, औषध न मारलेली असली, चिकणी असली तरी सुपारीतलं अॅरेकोलिन तेच. भारतीय उपखंडातल्या अभ्यासांचा गोषवारा काढला तर तंबाखूशिवाय विडा चघळणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरची जोखीम अडीच पटीच्या आसपास येते. आणि तुमच्या घरी ती रविवारची गोष्ट नाही, दोन्ही जेवणांनंतरची आहे.

इथे सापेक्ष जोखमीची एक खोड कळते. दोन कारणं एकत्र आली की त्यांच्या जोखमी तोंडात सहसा मिळवल्या जात नाहीत, गुणल्या जातात. दारू आणि सिगारेटच्या जोडीत हे १९८८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लख्ख दिसलं होतं. दोन्ही खूप घेणाऱ्या पुरुषांत तोंडा-घशाचा कॅन्सर दोन्ही न घेणाऱ्यांच्या ३५ पटींहून जास्त होता. सुपारीसाठी समजायला सोपे आकडे धरू. कुठलीच सवय नसलेल्या हजार पुरुषांत समजा सहा जणांना तोंडाचा कॅन्सर होतो. हलक्या पिण्याने जोखीम साधारण १३ टक्क्यांनी वाढते, तर सहाचे पावणेसात. म्हणजे एकट्या फेणीने एकही पूर्ण माणूस वाढलं नाही. एकट्या सुपारीने अडीच पट, सहाचे पंधरा. दोन्ही असतील तर पंधरावर १३ टक्के, सतरा. तीच क्वार्टर सुपारी न खाणाऱ्याच्या तोंडात हजारी पाऊण माणूस घेते आणि सुपारी खाणाऱ्याच्या तोंडात दोन. फेणीचे १३ टक्के कुठेच बदललेले नाहीत.

सहा हा आकडा मी समजावण्यासाठी धरला आहे, त्यावर भांडू नका. पण क्रम बदलत नाही. यजमानांच्या ताटाबाटलीत सगळ्यात वर सुपारी, मग बरीच खाली फेणी, आणि तळाला रविवारचा चोरीस. सुपारी गेली की फेणीचं नुकसानही आपोआप घटतं. फेणी गेली आणि सुपारी राहिली तर फारसं काही हललं नाही. त्यांनी एकच गोष्ट सोडायला तयारी दाखवली तर कोणती मागायची, ते आता तुम्हाला ठरवता येईल. माळ कचऱ्यात गेल्यानंतर तुमची बाजू वाटाघाटीत जरा लंगडी आहे खरी, तेव्हा पुढच्या शुक्रवारी म्हापशाला तुम्हीच जाऊन या. अर्धी माळ घ्या आणि सोबत भाजी घ्या.

त्या रविवारी जेवण झाल्यावर, सुपारीचा डबा उघडण्याआधी, एक करा. यजमानांना खिडकीशी उजेडात बसवा, तोंड पूर्ण उघडायला लावा आणि त्यांचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये घालायला सांगा. मधल्या तीन बोटांची रुंदी आरामात आत जायला हवी. जात नसेल, गालाचं आतलं कातडं पांढुरकं आणि दोरीसारखं ताठ लागत असेल, तिखट पूर्वीपेक्षा झोंबत असेल, तर ते सुपारीने तोंड आक्रसणं असू शकतं, आणि ते कॅन्सरच्या आधीची पायरी असतं. जिभेच्या कडा आणि गालाचा कोपरा टॉर्चने पाहा. पांढरा किंवा लाल पट्टा दिसला, किंवा तीन आठवड्यांत न भरलेला फोड असला, तर त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे न्या. तुमच्या स्वतःच्या तपासणीच्या दिवशीच दोघांची वेळ घेतलीत तर पर्वरीहून एकच फेरी होईल.